पट्टी सोडा, गजर लावा

डॉक्टर ताई, नमस्कार. माझी मुलगी लातूरला होस्टेलवर राहून नीटचा क्लास करते. तिला उणे साडेपाच नंबर आहे, दीड वर्षापासून महिन्याच्या लेन्स वापरते. टेस्टच्या आदल्या रात्री लेन्स घालूनच झोपली. दुसऱ्या दिवशी डावा डोळा लाल झाला, खुपायला लागलं. मैत्रिणीकडचा डोळे आल्याचा ड्रॉप घातला आणि लेन्स परत घालून क्लासला गेली. तिसऱ्या दिवशी उजेडच सहन होईना. लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, बुबुळावर जखम झालीय, मोहरीएवढा पांढरा ठिपका आहे. मॉक्सिफ्लॉक्सासिनचा ड्रॉप दर तासाला, रात्रीसुद्धा, दोन दिवस. होमॅट्रोपिन दिवसातून तीनदा. पट्टी बांधायची नाही, तिसऱ्या दिवशी दाखवायला या. आम्ही तिला गावी आणलं. रात्री दोनपर्यंत ड्रॉप घातले, मग लेकराला झोप लागली, उठवायला जीव झाला नाही. उजेड लागू नये म्हणून सासूबाईंनी वर कापूस ठेवून रुमाल बांधला. सकाळी सोडला तर पापण्या चिकटलेल्या, कापसाला हिरवट-पिवळी घाण, आणि ठिपका मोठा वाटतोय. एवढे ड्रॉप डोळ्याला सोसतील का? रात्री नाही घातले तर चालत नाही का? डोळा झाकला तर त्याला आराम पडत नाही का? परीक्षा दीड महिन्यावर आहे.
— एक आई, अहमदपूर तालुका

ताई, तुमचा मेसेज सकाळी वाचला आणि सदर छापून येईपर्यंत थांबण्यासारखा तो नव्हता, म्हणून लगेच फोन केला. फोनवर दोनच गोष्टी सांगितल्या: रुमाल परत बांधायचा नाही, आणि गाडीतसुद्धा ड्रॉप चालू ठेवून आजच्या आज लातूर गाठायचं, तिसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. तुम्ही गेलात, डॉक्टरांनी बघितलं, पुढचं तुम्ही मला वेळोवेळी कळवत राहिलात. ते इथे लिहायला तुम्ही आणि तुमच्या मुलीने परवानगी दिली, हे फार बरं झालं. क्लासच्या गावांत आता लेन्स घालणारी शेकड्यांनी पोरं आहेत, आणि त्यांच्या घरी सुट्टीला डोळे लाल करून येणारीही कमी नाहीत.

आधी पट्टीचं सांगते, कारण घोळ तिथे झाला.

बुबुळावर जी पारदर्शक काच असते तिला कॉर्निया म्हणतात. जाडीला ती मधोमध जेमतेम अर्धा मिलिमीटर. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. असत्या तर आपल्याला आरपार दिसलंच नसतं. त्यामुळे लागणारा ऑक्सिजन ती डोळा उघडा असताना थेट हवेतून घेते. डोळा मिटला की हवा बंद होते आणि पापणीच्या आतल्या बाजूच्या रक्तवाहिन्यांकडून जेवढा मिळेल तेवढ्यावर तिला भागवावं लागतं. उघड्या डोळ्याला मिळतो त्याच्या साधारण एक तृतीयांश. निरोगी डोळा रोज रात्री एवढ्यावर निभावून नेतो. पण पापणी आणि कॉर्निया यांच्यामध्ये लेन्स असली की तेवढाही पुरता पोचत नाही. वरचा पेशींचा थर सुजतो, सैल पडतो, त्याला बारीक बारीक चिरा जातात.

दुसरं म्हणजे धुणं थांबतं. जागेपणी दर चार-पाच सेकंदांनी पापणी लवते आणि प्रत्येक वेळी ताज्या अश्रूंचा एक हात फिरवून जाते. या अश्रूंत जंतू मारणारी द्रव्यं असतात. झोपेत पापणी लवत नाही, अश्रू कमी होतात, आणि लेन्सच्या मागे अडकलेलं तेच ते पाणी रात्रभर तिथेच राहतं.

लेन्सवाल्यांच्या डोळ्यात सगळ्यात जास्त सापडणारा जंतू म्हणजे स्यूडोमोनास. तो ओलीचा रहिवासी. नळाच्या तोंडाशी, बेसिनच्या कडेला, आणि लेन्सच्या डबीच्या तळाशी तो बुळबुळीत थर करून राहतो. एरवी धडधाकट डोळ्यावर त्याचं काही चालत नाही. पण रात्रभर गुदमरलेला, सुजलेला, चिरा गेलेला कॉर्निया त्याला आयताच मिळाला, आणि पाणी साचलेलं, की तो आत शिरतो. आत गेल्यावर तो जी रसायनं सोडतो ती कॉर्नियाचा मूळ ताणाबाणाच विरघळवतात. अर्ध्या मिलिमीटरच्या काचेत आरपार भोक पडायला वाईट केसमध्ये दोन-तीन दिवसही पुरतात. घाण हिरवट दिसते ती याच जंतूच्या रंगामुळे, म्हणून तुमच्या मेसेजमधला ‘हिरवट’ हा शब्द वाचूनच मी फोन उचलला.

आता तुमच्या घरी त्या रात्री काय झालं ते बघा. लेन्स निघाली होती. पण कापूस आणि रुमाल बांधल्यावर डोळा पुन्हा मिटला, हवा पुन्हा बंद झाली, पापणी लवणं पुन्हा थांबलं. वर कापसाची ऊब. उघड्या डोळ्याचा पृष्ठभाग शरीरापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असतो. झाकल्यावर तो शरीराच्या तापमानाकडे वर चढतो आणि जंतूला वाढायला ते मानवतं. बाहेर पडणारा पू कापसाने धरून ठेवला आणि तो जखमेलाच लागून राहिला. थोडक्यात, ज्या परिस्थितीत लेन्सने आजार लावला, तीच परिस्थिती रुमालाने आणखी एक रात्र पुरवली. आणि त्यात पहाटेचे चार-पाच ड्रॉपही चुकले.

सासूबाईंना मात्र बोल लावू नका. मोतीबिंदूच्या शिबिरातून हिरव्या पट्ट्या बांधून परतलेली माणसं त्यांनी आयुष्यभर बघितलीत. डोळ्याचं काहीही झालं की पट्टी, हे त्यांच्या पिढीला दवाखान्यांनीच शिकवलं. शिवाय रुमाल बांधल्यावर मुलगी शांत झोपली, म्हणून गुण आला असं वाटणंही साहजिक. उजेड बंद झाला की दुखणं कमी होतं हे खरंच आहे. पण दुखणं कमी होणं आणि जखम भरणं वेगळं.

डॉक्टरांकडूनही ही चूक पूर्वी होत असे. बुबुळावर साधा ओरखडा आला की मलम घालून घट्ट पट्टी बांधायची, ही जुनी रीत. 1987 साली अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण नोंदवले, ज्यांना लेन्समुळे नुसता ओरखडा आला होता, वर पट्टी बांधली गेली, आणि पट्टी काढली तेव्हा खाली स्यूडोमोनासची जखम तयार होती. तेव्हापासून लेन्सवाल्याचा डोळा बांधायचा नाही हे नेत्ररोगाच्या शिक्षणात ठसवलं जातं. पुढे तर असंही दिसलं की जंतुसंसर्ग नसलेल्या साध्या ओरखड्यालाही पट्टीने फारसा फायदा होत नाही. मग मोतीबिंदूनंतर किंवा लहान मुलांच्या आळशी डोळ्यासाठी पट्टी चालते ती कशी? तर तिथे आत जंतू वाढत नसतो. पट्टीचं सगळं नुकसान जंतू असण्याशी बांधलेलं आहे.

आणखी दोन व्यावहारिक गोष्टी. बांधलेल्या डोळ्यात दर तासाला ड्रॉप घालता येत नाही. दोनदा सोडाबांध केली की तिसऱ्यांदा घरातलं माणूस ‘राहू दे आता’ म्हणतं. आणि झाकलेला डोळा बिघडतोय की सुधारतोय हे कोणालाच दिसत नाही. कॉर्निया पातळ झाला असेल तर वरून पडणारा दाब धोक्याचा, ते वेगळंच. अशा वेळी डॉक्टर कधीकधी भोकं असलेली प्लास्टिकची कडक वाटी लावतात. ती कपाळावर आणि गालाच्या हाडावर टेकते, डोळ्याला कुठेही लागत नाही, हवा खेळती राहते. तिला पट्टी समजू नका, आणि पट्टीला ती समजू नका.

मग उजेडाचं काय करायचं? खोलीचे पडदे ओढा, ट्यूब बंद करून कोपऱ्यात छोटा दिवा ठेवा, बाहेर पडताना गॉगल आणि पुढे छज्जा असलेली टोपी. अहमदपूर-लातूर रस्त्यावर दुपारी बारा वाजता गॉगलवरून पदर घेतला तरी चालेल, फक्त कापड डोळ्याला टेकू नये. उजेडात जे ठणकतं ते मुख्यतः आतल्या स्नायूच्या पेटक्यामुळे, आणि त्यावरच तो होमॅट्रोपिनचा ड्रॉप दिलेला असतो. त्याने बाहुली मोठी होते, जवळचं वाचताना धूसर दिसतं. पोरं घाबरतात, ‘आणखीच दिसेना’ म्हणून तोच ड्रॉप बंद करतात. करू नका. तो स्नायूला खरा आराम देतो आणि बाहुली आत चिकटू देत नाही. वरून दुखलं तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल.

आता तासाच्या ड्रॉपचं.

डोळ्याच्या पृष्ठभागावर एका वेळी जेवढे अश्रू असतात ते जेमतेम सात मायक्रोलिटर. बाटलीतून पडणारा थेंब असतो तीस ते पन्नास मायक्रोलिटरचा. म्हणजे थेंब पडताक्षणीच त्यातला बराचसा गालावर ओघळतो. उरलेला पापणी लवली की नाकाकडच्या कोपऱ्यातून नळीवाटे घशात जातो, म्हणूनच तुमच्या मुलीला तोंडात कडू लागतं. पाचेक मिनिटांत डोळ्यावर फारसं औषध उरत नाही. तेवढ्या वेळात जे कॉर्नियात मुरलं ते खरं. एका थेंबाने मुरतं ते थोडं, आणि तेही पुढे निथळत जातं. म्हणून ते खाली जाण्याआधी दुसरा थेंब, मग तिसरा. तुमच्याकडे उसाला ठिबक असेलच. एकदा भरपूर पाणी सोडून आठ दिवस विसरण्यापेक्षा मुळाशी सतत ओल ठेवणं जसं, तसं इथे जखमेच्या तळाशी औषधाची पातळी सतत उंच ठेवायची असते. ही मॉक्सिफ्लॉक्सासिन जातीची औषधं पातळी जितकी उंच, तितकी जंतूला झपाट्याने मारतात. पातळी पडली की त्यांचा जोर जातो.

‘सलाईनमधून नाही का देता येत, गोळी नाही का?’ हे तुमच्या यजमानांनी फोनवर विचारलं. कॉर्नियात रक्तवाहिन्याच नाहीत, तर रक्तात गेलेलं औषध तिथे पोचणार कसं? थेंबातून जेवढं औषध थेट जखमेवर जातं तेवढं गोळीने पोचवता येत नाही. गोळ्या आणि इंजेक्शनं लागतात ती जखम डोळ्याच्या पांढऱ्या भागात पसरली किंवा आरपार जायला आली तर.

आणि रात्र का सोडायची नाही? प्रयोगशाळेत, अनुकूल ऊब आणि ओल असताना, स्यूडोमोनास अर्ध्या-पाऊण तासात दुप्पट होतो. सात तास मोकळे मिळाले तर हिशोबाने एकाचे हजार होतात. डोळ्यात शरीराचा प्रतिकार असतो, त्यामुळे तिथे गणित इतकं सरळ चालत नाही, पण दिवसभर घातलेल्या ड्रॉपची कमाई रात्रीत कशी जाते ते यावरून कळेल. पहिल्या दोन रात्री हाच सगळ्या उपचाराचा गाभा. पुढे रात्री झोपायला मिळतंच.

तुमच्या मुलीचं दुसऱ्या दिवशी काय झालं ते आता सांगते. डॉक्टरांनी भूल देणारा ड्रॉप घालून जखमेच्या कडेचा अगदी बारीक नमुना खरवडून काढला. ऐकायला भयंकर वाटतं, पण मिनिटभराचं काम, दुखत नाही, आणि वरचा मेलेला थर निघाल्याने औषधही आत जास्त मुरतं. काचपट्टीवर रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्यावर लालसर काड्यांसारखे जंतू दिसले, बुरशीचे धागे दिसले नाहीत. कल्चरचा रिपोर्ट दोन दिवसांनी आला, स्यूडोमोनासच निघाला. पण डॉक्टर रिपोर्टसाठी थांबले नाहीत. काड्या दिसताच मॉक्सिफ्लॉक्सासिनच्या जोडीला टोब्रामायसिनचा कडक ड्रॉप सुरू केला. मेडिकलमध्ये मिळतो तो टोब्रामायसिन 0.3 टक्क्यांचा, हा इंजेक्शनचं औषध मिसळून 1.4 टक्क्यांच्या आसपास करतात. तो करायला दवाखानाच लागतो, घरी हा उद्योग करायचा नाही. आणि त्यांनी सांगितलेली मुदत संपली की उरलेलं औषध टाकून द्यायचं, फ्रिजमध्ये ठेवायला सांगितलं असेल तर तिथेच ठेवायचं.

पहिला एक तास दर पाच-दहा मिनिटांनी ड्रॉप, दवाखान्यातच. एकदम पातळी चढवण्यासाठी. नंतर दोन्ही औषधं तासाला एकेक, पण एकामागे एक नाही: तासाच्या ठोक्याला मॉक्सिफ्लॉक्सासिन, साडेला टोब्रामायसिन. दोन ड्रॉप लागोपाठ घातले तर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. निदान पाच मिनिटांचं अंतर हवंच. तुम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरच्या पाठीमागे रकाने आखून प्रत्येक ड्रॉपला टिक केली, हे मला फार आवडलं. अर्धवट झोपेत ‘मघाशी घातला का?’ हा प्रश्न पडतोच, आणि उत्तर कागदाने द्यावं. रात्र दोघांत वाटून घ्यायची, बारापर्यंत एक, पुढे दुसरा. एकट्याने जागायचा प्रयत्न केला की दोन वाजता डोळा लागतोच. घरात जागायला कोणीच नसेल तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगायचं. या आजारात फक्त ड्रॉपसाठी भरती करून घेतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. लातूरच्या आणि अंबाजोगाईच्या सरकारी मेडिकल कॉलेजात नेत्रविभाग आहेत, संभाजीनगरला घाटी आहे.

घालायची रीत सोपी आहे, पण घाईत चुकते. हात साबणाने धुऊन कोरडे करायचे. मुलीला उताणं झोपवायचं. झोपलेली असली तरी पूर्ण जागी करायची गरज नाही. खालची पापणी बोटाने हलकेच खाली ओढली की आत छोटी खोबण होते, थेंब तिथे पडू द्यायचा. बाटलीचं तोंड पापणीला, केसांना लागू द्यायचं नाही. लागलं तर जंतू बाटलीत. एकच थेंब. दुसरा घातला तर तो गालावरच जाणार. मग डोळा अलगद मिटून दोन मिनिटं ठेवायचा, आवळून नाही. गालावरचं पुसायला दर वेळी नवा टिशू, आणि तो थेट कचऱ्यात. मिटलेल्या पापणीवर थेंब टाकून ‘घातला’ म्हणायचं नाही, झोपलेल्या लेकराच्या बाबतीत हे फार होतं. पाच मिलिलिटरच्या बाटलीत साधारण शंभर थेंब असतात आणि सांडतातही, त्यामुळे या वेगाने ती तीन दिवसांत संपते. दोन बाटल्या आधीच आणून ठेवा. गावातलं मेडिकल रात्री उघडं नसतं.

सोसतील का, असं विचारलंत. खरं सांगायचं तर कायमचे सोसणार नाहीत. इतक्या वेळा पडणारं औषध वरच्या कोवळ्या पेशींनाही त्रास देतं, विशेषतः कडक केलेलं टोब्रामायसिन. डोळा चुरचुरतो, लाली रेंगाळते, आणि जास्त दिवस चाललं तर जखमेवर नवी त्वचा धरायलाच उशीर होतो. म्हणून तासाचा वेग दोन-तीन दिवसच, आणि तो कधी कमी करायचा हे डॉक्टर जखम मशिनखाली बघून ठरवतात. तुमच्या मुलीचं तिसऱ्या दिवसापासून रात्रीचं बंद होऊन जागेपणी तासाला झालं, मग दोन तासांनी, पुढे दिवसातून चारदा. बरं वाटलं म्हणून आपणच एकदम बंद करायचं नाही, आणि भीतीने आपणच वाढवायचंही नाही.

सुधारतंय हे कसं ओळखायचं, यात लोकांची सगळ्यात जास्त फसगत होते. पहिल्या चोवीस तासांत डोळा तेवढाच लाल, कधी थोडा जास्तच भयंकर दिसू शकतो, कारण जंतू मरतानाही सूज वाढते. त्या दिवशी ‘गुण नाही’ म्हणून दुसऱ्या डॉक्टरकडे धावायचं नाही. अठ्ठेचाळीस तासांनी मात्र हिशोब मागायचा. आधी दुखणं कमी होतं, मग चिपडं आणि पाणी कमी होतं. ठिपका लगेच लहान होत नाही, पण वाढायचा थांबतो. त्याची विरघळल्यासारखी अस्पष्ट कड रेखीव होते. दिसणं सगळ्यात शेवटी सुधारतं. तुमची मुलगी तिसऱ्या दिवशी सकाळी म्हणाली, ‘आई, डोळा उघडावा वाटतोय’. कुठल्याही मशिनइतकीच ती चांगली खूण होती.

उलट दुखणं वाढत गेलं, काळ्या बुबुळाच्या आत खालच्या बाजूला पांढरी रेष साचून वर चढू लागली, किंवा डोळ्यातून एकाएकी कोमट पाण्याचा लोट येऊन नजर गेली, तर रात्र असो की सण, गाडी काढायची. त्या शेवटच्या प्रकारात दुखणं कधी अचानक थांबतं आणि घरचे सुटकेचा श्वास टाकतात. तो आराम नव्हे, कॉर्निया फुटलेला असतो. त्या डोळ्याला हात लावायचा नाही, दाबायचा नाही, बांधायचा नाही.

मैत्रिणीच्या त्या ‘डोळे आल्याच्या’ ड्रॉपबद्दल थोडं. बाटलीवर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन लिहिलेलं असेल तर त्यात स्टेरॉइड आहे. ते घातलं की लाली आणि दुखणं तासाभरात उतरतं, आणि खाली जंतूला रान मोकळं मिळतं. बुरशी असेल तर आणखीच. आपल्याकडे शेतात उसाचं पान, ज्वारीचं ताट, कापसाचं बोंड डोळ्याला लागून बुरशीची जखम होणं नेहमीचं, आणि ती वरून अशीच पांढरी दिसते. म्हणूनच अठ्ठेचाळीस तासांत फरक नसला तर आणि नमुना घेतलेला नसला तर ‘खरवडून तपासायचं का?’ हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. डॉक्टरांनीच, जंतू कळल्यावर आणि प्रतिजैविक चालू असताना, स्टेरॉइड द्यायचं की नाही हा वेगळा विषय. मदुराईत आणि अमेरिकेत मिळून 500 रुग्णांवर याचा अभ्यास झाला, 2012 मध्ये निष्कर्ष आले, आणि सरसकट फायदा काही दिसला नाही. मग मेडिकलवाल्याच्या सल्ल्याने घालायचा प्रश्नच येत नाही. मध, एरंडेल, गुलाबपाणी, अंगावरचं दूध, यातलं काहीही या डोळ्यात जाऊ देऊ नका.

लेन्स आणि डबी तुम्ही रागाने फेकून देणार होतात, मी फोनवर थांबवलं ते यासाठी: दोन्ही दवाखान्यात न्यायची असतात. डबीतल्या पाण्याच्या कल्चरमध्ये तोच जंतू उगवला. मुलगी डबी रोज रात्री होस्टेलच्या जारच्या पाण्याने विसळायची आणि कालच्या सोल्युशनवरच नवं ओतायची. फिल्टरचं पाणी प्यायला स्वच्छ असतं, लेन्सला नाही. टँकरचं, बोअरचं, ड्रममध्ये चार दिवस साठवलेलं तर सोडूनच द्या. त्यात अकँथअमीबा नावाचा आणखी एक चिवट जीव असू शकतो, ज्याची जखम महिनोन्‌महिने छळते आणि दिसते त्याच्या कितीतरी पट दुखते. डबी सोल्युशननेच धुवायची, पालथी घालून वाळवायची, दर तीन महिन्यांनी बदलायची, आणि सोल्युशन रोज पूर्ण नवं. लेन्स परत घालायच्या की नाही हे जखम पूर्ण भरल्यावर, औषधं बंद झाल्यावर डॉक्टर सांगतील. तोपर्यंत चांगल्या डोळ्यातही नाही. घातल्याच तर झोपताना काढायच्या, दुपारची डुलकीसुद्धा. 1989 मधल्या एका अमेरिकी अभ्यासात लेन्स घालून झोपणाऱ्यांत हा आजार रोज रात्री काढणाऱ्यांच्या साधारण पाचपट दिसला होता. पुढे जास्त हवा जाऊ देणाऱ्या नव्या लेन्स आल्या, पण रात्रीचा धोका त्यांनीही गेला नाही.

परीक्षेचं विचारलंत. जखम बुबुळाच्या मधोमध नाही, बाहेरच्या बाजूला आहे, हे तिचं नशीब. तिथे फूल पडेल, म्हणजे पांढरा डाग राहील, वर्षभरात तो थोडा फिकाही होईल, पण नजरेच्या वाटेत तो येत नाही. होमॅट्रोपिन बंद झाल्यावर वाचता येऊ लागेल. उजवा डोळा चांगला आहे, त्यावर अभ्यास केल्याने डाव्याला काही होत नाही. नवा चष्मा आत्ताच करून घ्या, नंबर उजव्याचा पक्का आणि डाव्याचा तात्पुरता. डाव्याची काच जखम भरल्यावर दोनेक महिन्यांनी बदलावी लागेल. होस्टेलला परत पाठवायची घाई मात्र ड्रॉप दिवसातून चारवर येईपर्यंत करू नका.